खऱ्या मॉडेलचे २४ फोटो, ४६ ड्रेस आणि हनुवटीवरचा तीळ

आमचा सुती कुर्ता सेटचा छोटा धंदा आहे, मी आणि माझी जाऊ. लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत एक खोली आहे, तिथेच कटिंग, तिथेच पॅकिंग. दर सीझनला चाळीस-पन्नास नवे पीस येतात आणि दर सीझनला तेच रडगाणं, की शूटच्या तारखेला मॉडेल मिळत नाही, मिळाली तर वेगळीच मिळते, आणि मग वेबसाइट उघडली की एका पानावर पाच वेगवेगळ्या मुली, पाच उंच्या, पाच प्रकारचा उजेड. गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "ताई, हा कुर्ता हिला गुडघ्याखाली आहे आणि तिला वर, मग मला कुठे येणार?" यावर काय उत्तर देणार.

मे २०२५ च्या शेवटी असं ठरलं की एकच मॉडेल घ्यायची, तिच्याशी नीट करार करायचा, तिचे मोजके फोटो काढायचे आणि त्यावरून पुढचे सगळे ड्रेस एआयने करायचे. हे वाक्य लिहायला जेवढं सोपं आहे तेवढं ते अजिबात निघालं नाही, जूनपासून घटस्थापनेपर्यंत पुरलं. मधे इतक्या वेळा वाटलं की कुणीतरी आधी करून लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहितेय.

पहिला प्रयोग कराराच्याही आधीचा, आणि तो फसला ते बरंच झालं. भाच्याने (आयटीतला, कोथरूडला राहतो, त्याच्याकडे १२ जीबीच्या ग्राफिक्स कार्डाचं मशीन आहे) आमच्या एका बगरू प्रिंटच्या कुर्त्याचा हँगरवरचा फोटो घेऊन एका ट्राय-ऑनवाल्या प्रोग्रामातून एका बनावट बाईच्या अंगावर चढवला. लांबून बघितलं तर झकास. मी झूम केलं आणि बुट्ट्या मोजल्या. आमच्या कापडात छातीवर एका ओळीत नऊ बुट्ट्या होत्या, फोटोत सात, आणि त्यातल्या दोन एकमेकीत विरघळलेल्या. ब्लॉक प्रिंट, चिकन, बारीक गोटा असलं काही असलं की मशीन ते कापड बघून परत *नव्याने काढतं*, कॉपी करत नाही, त्यामुळे नक्षी "साधारण तशी" येते. आणि गिऱ्हाइकाला साधारण तशी नको असते, फोटोतली हवी असते. तिथेच नियम केला की कापडाचा फोटो खराच राहणार, त्याला हात लावायचा नाही, बनवायची ती फक्त बाई. पुढची सगळी कटकट या एका नियमातून आली आणि सुटकाही त्यातूनच झाली.

११ जूनला मॉडेलशी पहिलं बोलणं झालं. ती मूळची साताऱ्याची, पुण्यात नोकरी करते, शनिवार-रविवारी शूट करते, आमचं आधी दोनदा काम केलेलं. तिला सगळं खरं सांगितलं, की तुझा चेहरा शिकवलेली एक फाइल तयार होणार आणि तू नसतानाही तुझे फोटो तयार होणार. ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली आईशी बोलून सांगते. तिच्या आईने फोनवर मला एकच प्रश्न विचारला, "उद्या ही नको म्हणाली तर?" खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. वकीलबाईंकडे गेले ती या एका प्रश्नासाठी.

वकीलबाई शिवाजीनगर कोर्टाजवळ बसतात. मी नेटवरून उतरवलेला दोन पानी मॉडेल रिलीज घेऊन गेले होते, त्यात "कुठल्याही स्वरूपात, कायमस्वरूपी, जगभर" असं काहीतरी होतं. त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, अशा कागदावर सही घेतलीस तर भांडण तू स्वतः विकत घेतलंस. मग तीन खेपा झाल्या (त्यातली एक पालखी शहरात असताना, त्या दिवशी शिवाजीनगर गाठायला मला पावणेदोन तास लागले) आणि करार सात पानांचा झाला. त्यात काय काय आलं ते सांगते, कारण पुढे तांत्रिक काम करताना मला प्रत्येक ठिकाणी हा कागद आडवा आला आणि तो आडवा आला हे चांगलंच झालं.

फोटो २४ च, आणि ते कुठले त्याची छापील यादी कराराला जोडलेली. वापर फक्त आमच्या ब्रँडच्या कॅटलॉगसाठी, म्हणजे वेबसाइट, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम आणि आम्ही जिथे विकतो ती पोर्टल्स. मुदत एक वर्ष, जास्तीत जास्त १२० ड्रेस. नाइटवेअर नाही, दुसऱ्या कुणाच्या मालाची जाहिरात नाही, राजकारण नाही. अंगाचा बांधा आणि रंग बदलायचा नाही, हे वाक्य तिने स्वतः घालायला लावलं. प्रत्येक फोटो छापण्याआधी तिला दाखवायचा, कामाच्या तीन दिवसांत ती हो-नाही सांगणार, गप्प राहिली तर तो नकार समजायचा. (मी "होकार समजायचा" लिहून नेलं होतं. वकीलबाईंनी खोडलं.) चेहऱ्याची फाइल कुणाला द्यायची नाही, भाड्याच्या सर्व्हरवर चढवायची नाही, मुदत संपल्यावर सात दिवसांत सगळ्या प्रती पुसून तसं लेखी द्यायचं. आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर असं की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती परत घ्यायचा हक्क आहे, त्यामुळे त्याला धरूनच कलम लिहिलं. तिने लेखी नकार कळवला तर नवीन फोटो बनवणं त्याच दिवशी बंद, फाइल सात दिवसांत पुसायची, वेबसाइटवरचे फोटो ३० दिवसांत उतरवायचे. छापून वाटलेले कागद परत येत नाहीत हेही सरळ लिहिलं. आई हे वाचून म्हणाल्या, "हां, आता कळलं."

एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. फोटो भाचा काढणार होता आणि पैसे नको म्हणत होता. वकीलबाई म्हणाल्या मग त्या फोटोंचा मालक तो. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ असं म्हणतं की मोबदला देऊन फोटो काढून घेतला तर, दुसरं काही ठरलेलं नसेल तर, हक्क काढून घेणाऱ्याचा. पण फुकटात काढला तर हे लागू होत नाही. म्हणून भाच्याकडूनही हक्क आम्हाला दिल्याचं एक पान लिहून घेतलं, आणि त्यात मुदत आणि प्रदेश घालायला विसरू नका, नाही घातलं तर कलम १९ प्रमाणे ते पाच वर्षं आणि फक्त भारतापुरतं धरलं जातं. भाचा हसत होता, "मावशी, आता मला नोटीस पाठवशील का." पण सही केली.

स्टॅम्प पेपर ५०० चा. (मी १०० चा मागितला, तर व्हेंडर म्हणाला ताई, ते दिवस गेले, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात कमीत कमी ५०० चाच.) नोटरीसकट ८०० गेले, वकीलबाईंचे ४,०००. मॉडेलला शूटच्या दिवसाचे १५,००० आणि पुढे तिने पास केलेल्या प्रत्येक ड्रेसला २००. २८ जूनला सह्या झाल्या.

शूट ६ जुलैला, रविवार, नेमकी आषाढी एकादशी, त्यामुळे सगळ्यांनी साबुदाण्याची खिचडी खाऊन काम केलं. २४ फोटो म्हणजे गंमत वाटते पण कुठले २४ यावरच सगळं आहे. आम्ही बारा जवळून काढले, म्हणजे चेहरा आणि खांदे, समोरून, दोन्ही बाजूंनी अर्धवट वळलेली, पूर्ण बाजूने, थोडं खाली बघताना. सात कमरेपर्यंत, पाच पूर्ण उभे. दात दाखवून हसताना, ओठ मिटून, गंभीर. खिडकीचा उजेड, लाइटचा उजेड, गच्चीवर ढगाळ. सहा वेगवेगळे साधे कपडे, चार वेगळ्या भिंती, केस बांधून आणि सोडून. दर उजेडात एकदा ग्रे कार्ड हातात धरून फोटो, हा २४ मध्ये धरायचा नाही, रंग जुळवायला ठेवायचा. मेकअप अगदी कमी. आणि एक सांगते, भाच्याने कॅमेऱ्याबरोबर हौसेने फोननेही काही काढले होते, त्यातला एकही घेतला नाही कारण फोन आपणहून त्वचा गुळगुळीत करतो आणि मशीन मग तोच गुळगुळीतपणा चेहरा म्हणून शिकतं.

आता त्या फाइलबद्दल. तिला लोरा म्हणतात. मोठं चित्र काढणारं मॉडेल असतं (आम्ही एसडीएक्सएल घेतलं, कारण त्याच्या परवान्यात धंद्यासाठी वापर चालतो आणि १२ जीबीत बसतं, नवी मॉडेलं याहून छान आहेत पण काहींचे परवाने धंद्याला चालत नाहीत, ते आधी वाचा), ते तसंच राहतं आणि त्यावर ही दोनेकशे एमबीची छोटी फाइल बसते, जिच्यात फक्त या एका बाईचा चेहरा शिकवलेला. प्रत्येक फोटोबरोबर एक ओळ लिहून द्यायची असते, आणि पहिल्या वेळेला आम्ही तिथेच माती खाल्ली.

९ जुलैचं पहिलं ट्रेनिंग. भाच्याने सगळ्या फोटोंना एकच ओळ दिली, म्हणजे तिच्यासाठी ठरवलेला खुणेचा शब्द, mdlpn, आणि "बाई", बस. अडीच-तीन तास मशीन चाललं. निकाल असा की मी लाल कुर्ता मागितला तरी कॉलर आमच्या शूटमधल्या निळ्या टॉपचीच, आणि पाठीमागे गच्चीची टाकी. कारण सोपं आहे, पण आधी कुणी सांगत नाही. जे तुम्ही ओळीत *लिहिता* ते मशीन वेगळं, बदलता येणारं म्हणून धरतं, आणि जे लिहीत नाही ते सगळं त्या खुणेच्या शब्दाला चिकटतं. आपण कपडे लिहिले नाहीत, म्हणून कपडे तिच्या चेहऱ्याचाच भाग झाले. मग रात्री बसून २४ ओळी हाताने लिहिल्या, कपडे, भिंत, उजेड, हसू, केस कसे आहेत, सगळं. आणि नाक, डोळे, हनुवटी, तीळ यांचं एक अक्षर लिहायचं नाही, कारण ते चिकटायलाच हवेत. अशी एक ओळ:

```
mdlpn woman, standing, dark green cotton kurta, hair tied back, plain white wall, window light from left, closed-mouth smile
```

१३ जुलैला दुसरं ट्रेनिंग. कपडे सुटले, टाकी गेली, आम्ही खूश, पेढे आणायचेच बाकी होते. मॉडेलला चार नमुने पाठवले. दहा मिनिटांत तिचा मेसेज, "माझा तीळ कुठे गेला?"

तिच्या हनुवटीवर डाव्या बाजूला बारीक तीळ आहे, बाजरीच्या दाण्याएवढा. चार फोटोंत एकात तो डावीकडे, एकात उजवीकडे, एकात दोन्हीकडे पुसट आणि एकात नाहीच. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, मी कुर्ते बघत होते. भाचा डोकं खाजवत बसला आणि मग त्याला सापडलं की सेटिंगमध्ये फोटो उलटे करून शिकवायचा पर्याय चालू होता, फोटो कमी असले की तो चालू करा असं त्याने कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं. म्हणजे मशीनला निम्म्या वेळा तिचा आरशातला चेहरा दाखवला होता. तीळ तर दिसतो म्हणून कळला, पण कुणाचाही चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो, भुवई, ओठाचा कोपरा, भांग, चमकी कुठल्या नाकपुडीत, हे सगळं असं सरासरी होऊन "तिच्यासारखी कुणीतरी" तयार होते. आपली चूक आहे हे कळतही नाही, फक्त काहीतरी खटकत राहतं. ज्यांना करायचंय त्यांनी एवढं बघा, शेवटची ओळ:

```
[[datasets]]
resolution = 1024
batch_size = 1
caption_extension = ".txt"

  [[datasets.subsets]]
  image_dir = "photos"
  num_repeats = 10
  flip_aug = false
```

२४ फोटो दहा-दहा वेळा, म्हणजे एका फेरीत २४० पायऱ्या, आणि आठ फेऱ्या, दर फेरीनंतर फाइल जपून ठेवायची. २० जुलैला हे तिसरं ट्रेनिंग झालं आणि आम्ही आठही फाइलींनी एकच चित्र काढून शेजारी ठेवलं. तिसऱ्या फेरीपर्यंत ती तिची बहीण वाटत होती. सहाव्या फेरीत, म्हणजे १,४४० पायऱ्यांना, ती. आठव्यात चेहरा हुबेहूब पण काहीही मागा, तेच एक हसू आणि मान त्याच कोनात, म्हणजे मशीनने फोटो पाठ केले होते. सहावी ठेवली, बाकीच्या त्याच दिवशी पुसल्या आणि पुसल्याची तारीख वहीत लिहिली. तीळ जागेवर होता.

२ आणि ३ ऑगस्टला कपड्यांचं शूट. कुणाच्या तरी अंगावर कपडा खरा पडायलाच हवा होता, पुतळ्यावर सुती कुर्ता पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. आमच्याकडे फॉल-पिकोचं काम बघणारी मुलगी मॉडेलच्याच उंचीची आहे, छाती-कमरेच्या मापात अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक. उंची जुळणं महत्त्वाचं, कारण ४४ इंची कुर्ता कुठे येतो हेच तर गिऱ्हाइकाला बघायचं असतं. तिचा चेहरा दिसणार नाही पण हात-पाय तिचेच राहणार, म्हणून तिच्याकडूनही अर्ध्या पानाची संमती आणि दिवसाचे १,५००. केस घट्ट अंबाड्यात, कारण खांद्यावर आलेली एक बट भरतकामावर पडली की नंतर ती काढताना खालची नक्षी आपल्याला बनवावी लागते आणि मग आपलाच नियम मोडतो. लाइटचं भाडं दिवसाला १,२००. दोन दिवसांत ४६ सेट.

मग खरं काम. उभ्या पूर्ण फोटोत फक्त डोकं आणि गळ्यापर्यंतची मान रंगवून तेवढंच मशीनला परत काढायला द्यायचं. पहिले सहा इतके भयंकर आले की जाऊबाई म्हणाल्या, हे तर जत्रेतले मुखवटे. डोळे कुठे, ओठ कुठे, काही पत्ता नाही. कारण पूर्ण उभ्या फोटोत चेहरा जेमतेम ९० पिक्सेलचा असतो, आणि हे मॉडेल आतल्या आत चित्र आठपट लहान करून काम करतं, म्हणजे अख्ख्या चेहऱ्याच्या रुंदीला जेमतेम अकरा-बारा चौकोन. त्यात तीळ कुठे मावणार, डोळाच मावत नाही. उपाय असा की डोक्याभोवतीचा तुकडा कापून १०२४ पर्यंत मोठा करायचा, त्यावर चेहरा काढायचा, आणि परत लहान करून जागेवर चिकटवायचा. प्रोग्रामात यासाठी बटणच आहे, `Only masked`, आम्हाला ते सापडायला चार दिवस गेले.

दुसरा आकडा म्हणजे जुन्या चित्रातलं किती बदलायचं तो. ०.५ ठेवला तर खाली आमच्या पिकोवालीची हनुवटी शिल्लक राहते आणि मॉडेलचा चेहरा तिच्या साच्यात बसतो. ०.८ ठेवला तर चेहरा मॉडेलचा पण मान भलतीकडे, खांदे एकीकडे आणि नजर दुसरीकडे. आमचं गणित ०.६५ ला जमलं, तुमचं वेगळं असेल. आणि शेवटी दर वेळी मूळ फोटोतला कपड्याचा थर कापून परत सगळ्यात वर ठेवायचा, कारण गळ्यापाशी रंग दोन-तीन पिक्सेल जरी कापडावर गेला तरी मशीन गळपट्टीचा गोटा आपल्या मनाने विणतं.

दर ड्रेसला चार चेहरे काढून एक निवडत होते. २४ ऑगस्टला ४६ झाले. पाठवण्याआधी भाच्याने एक युक्ती केली, सगळ्या ४६ फोटोंतले फक्त चेहरे एका मापात कापून एका मोठ्या पानावर ओळीने लावले आणि मधे तिचे तीन खरे फोटो. पान उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पहिली ओळ आणि शेवटची ओळ, दोन वेगळ्या बायका. हळूहळू हनुवटी टोकदार होत गेलेली, डोळे मोठे, रंग उजळ. फाइल तीच, आकडे तेच, मग सरकलं काय? मी सरकले होते. चारातला एक निवडताना मी आदल्या ड्रेसच्या फोटोशी जुळवून बघत होते आणि दर वेळी नकळत थोडी जास्त "छान" दिसणारी घेत होते, आणि पुढची त्या छानशी जुळवत होते. तेव्हापासून आमचा नियम, निवडताना स्क्रीनवर शेजारी खरा फोटोच हवा, बनवलेला कधीच नाही.

रंगाचं मात्र सगळं खापर माझ्यावर नाही. एसडीएक्सएलचाच कल गोऱ्याकडे आहे, त्यात आम्ही "सुंदर", "स्टुडिओ लाइट" असले शब्द घातले होते, ते आणखी तिकडे ओढतात. नुसत्या डोळ्यांना कळत नाही म्हणून गालावरच्या एका जागेचा रंग लाल, हिरवा, निळा अशा आकड्यांत मोजला. ग्रे कार्डाने जुळवलेल्या खऱ्या फोटोत १७६, १३२, १०६. पंचविसाव्या ड्रेसवर २०३, १६५, १४१. कराराचं कलम उघड उघड मोडलेलं. ते शब्द काढले, बावीस फोटो परत केले, आणि मग उलटीच भानगड, चेहरा बरोबर पण हात पिकोवालीचे, एक छटा उजळ. हात मशीनला द्यायची हिंमत नव्हती (सहा बोटांचा अनुभव घेऊन झाला होता) म्हणून हातांचा फक्त रंग साध्या एडिटिंगने जुळवला. एकेका फोटोला दहा मिनिटं.

घाईघाईत २५ ऑगस्टला रात्री तिला अल्बम पाठवला, आणि २७ ला गणपती. ती सातारला गेली, आमच्या गल्लीचे रस्ते बंद. कामाचे तीन दिवस उलटले, उत्तर नाही, कराराप्रमाणे नकार. मला वाटत होतं फोन करावा, जाऊबाई म्हणाल्या गौरी-गणपतीत कुणाला फोन करतेस, बस. विसर्जन ६ सप्टेंबरला, तिचं उत्तर ८ ला आलं, दर फोटोवर हिरवी किंवा लाल खूण आणि कारण. ३९ हिरवे. लालमधल्या दोघांत ओठ जास्त भरलेले, ते परत केले आणि पास झाले. उरलेले पाच सगळे एकाच प्रकारचे, ज्यात झिरझिरीत ओढणी डोक्यावरून घेतलीय. तिने लिहिलं होतं, "ओढणीतून दिसणारे केस माझे नाहीत आणि ओढणीपण तुमची नाही."

बरोबर होतं तिचं. डोक्यावरून पारदर्शक कापड आलं की कापड कुठे संपतं आणि बाई कुठे सुरू होते याची रेघच मारता येत नाही, केस बदलायला गेलं की वरची जाळी मशीनच्या हाती जाते, आणि कपड्याचा थर वर ठेवला तर त्यातून खालची पिकोवाली दिसते. आम्ही तीन दिवस खटपट केली, मग सोडून दिली.

खर्च मांडला तर मॉडेलचे १५,०००, पास झालेल्या ४१ ड्रेसचे ८,२००, वकील आणि स्टॅम्प मिळून ४,८००, पिकोवालीचे ३,०००, लाइटचे दोन दिवसांचे २,४००. भाच्याला हेडफोन, ते वेगळे. आम्हाला खऱ्या दोन दिवसांच्या शूटचं कोटेशन ५८ हजारांचं होतं, त्यामुळे स्वस्त पडलं म्हणता येईल, पण माझे पाच आठवडे त्यात धरलेले नाहीत. दर फोटोखाली एक ओळ टाकली, "कपड्याचा फोटो खरा, चेहरा मॉडेलच्या परवानगीने एआयने." दोन गिऱ्हाइकांनी त्यावर विचारलं, बाकीच्यांनी कापड आक्रसतं का एवढंच विचारलं.

त्या पाच ओढण्यांसाठी १४ सप्टेंबरच्या रविवारी तिलाच बोलावलं. अर्ध्या दिवसाचे ३,०००, लाइटचे परत १,२००, पितृपंधरवडा असल्याने दुकानात शुकशुकाट. साडेतीन तासांत पाचही झाले. जाताना तिने कॉम्प्युटरवर ते चेहऱ्यांचं मोठं पान उघडायला लावलं आणि हनुवटीवर बोट ठेवत एकेक तीळ मोजत गेली, एक्केचाळीसपर्यंत.